पाऊचचे सील पुन्हा पुन्हा गळते? तापमान वाढवण्याआधी हे वाचा
मसाले आणि पिठे पॅक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा लागला की साकीनाका, भांडुपच्या गाळ्यांतून आमच्याकडे एक तक्रार हमखास येते: सील गळते. ऑपरेटर जॉचे तापमान पाच-दहा अंशांनी वाढवतो, दोन दिवस बरे जातात आणि मग दुकानदाराकडून पाकिटे परत येतात. बिघाड असा उलटून येत असेल, तर आम्ही हातात पाना घेण्याआधी कागदावर माशाचा सांगाडा काढतो. जपानचे गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही फिशबोन आकृती. डोक्यात बिघाड लिहायचा आणि कण्याला फुटलेल्या चार काट्यांवर माणूस, यंत्र, पद्धत आणि माल यांतली संभाव्य कारणे.

खरे कष्ट डोक्यात काय लिहायचे यावर घ्यावे लागतात. ‘सील खराब’ एवढेच लिहिले तर जगातले प्रत्येक कारण त्यात बसते. म्हणून आधी गळकी पाकिटे पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघा आणि तिथले सील हाताने उकला. आतली फिल्म स्वच्छ आणि गुळगुळीत सुटली, तर उष्णता किंवा दाब कमी पडला. सीलची कड सुरकुतली, ठिसूळ होऊन फाटली, तर उष्णता जास्त झाली. गळती नेमकी मधोमध, पाठीमागचे उभे सील ओलांडते तिथे असेल, तर त्या जागी फिल्मचे थर वाढतात आणि जॉ दोन्ही बाजूंना नीट टेकत नाही. आणि सीलमध्ये पूड अडकलेली दिसली, तर प्रश्न तापमानाचा नाहीच.

हा शेवटचा प्रकार एका उदाहरणाने पाहू. समजा, 100 ग्रॅम मिरची पूड, उभे पाऊच मशीन, ऑगर फिलर. उकललेल्या सीलमध्ये लाल रेघ दिसते. आता डोक्यात लिहा: ‘आडव्या सीलमध्ये पूड अडकून गळती, जूनपासून, संध्याकाळच्या शिफ्टमध्ये जास्त.’

पद्धतीच्या काट्यावर पहिली नोंद वेगाची. ऑर्डर वाढल्याने मिनिटाला 30 पाकिटांवरून 45 केली. म्हणजे एका पाकिटाला मिळणारा वेळ 2 सेकंदांवरून साधारण 1.3 सेकंदांवर आला. एक मीटर उंचीवरून जड कण पडायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, बारीक धूळ त्याच्याही मागून येते. जॉ मिटू लागतो तेव्हा ती वाटेतच असते. यंत्राच्या काट्यावर ऑगरचा ब्रेक: तो झिजला की स्क्रू थांबायला उशीर होतो आणि शेवटची चिमूटभर पूड मागाहून पडते. मालाच्या काट्यावर दमटपणा. ओल धरलेली पूड ऑगरच्या तोंडाशी चिकटते आणि अवेळी सुटते. फिल्मवरच्या स्थिर विजेने पूड चिकटते, हा संशयही लिहा, पण ती कोरड्या हवेत जास्त जाणवते. आपला बिघाड मुंबईच्या पावसाळ्यात वाढतो, म्हणून तो संशय मागे पडतो.

माणसाच्या काट्यावर ‘ऑपरेटर निष्काळजी’ असे कृपया लिहू नका. त्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. ‘संध्याकाळच्या शिफ्टला सेटिंगचा कागद मिळत नाही’, ‘हॉपरचे झाकण उघडे राहते’ असे दिसणारे, तपासता येणारे लिहा. आणि हे लिहिताना ऑपरेटरदादांना शेजारी बसवा. तापमान वाढवल्यावर गळती थोडी का थांबते, हे त्यांनी रोज पाहिलेले असते: आतला थर जास्त वितळून कणांभोवती बसतो. म्हणूनच खरे कारण झाकले जाते.

आकृती फक्त संशयित दाखवते. पुरावा चाचणीतून मिळवावा लागतो आणि तोही एका वेळी एकच गोष्ट बदलून. वेग 45 ठेवून 200 पाकिटे तपासली, समजा 12 गळली. बाकी सगळे तसेच ठेवून वेग 30 केला, 2 गळली. पुन्हा 45 वर नेऊन फक्त ब्रेकचे लायनिंग बदलले, 5 गळली. म्हणजे वेग आणि ब्रेक दोघेही सामील आहेत. नवे लायनिंग ठेवून वेग 38 च्या आसपास आणावा आणि तिथे पुन्हा 200 पाकिटे तपासावीत. तरी गळती उरलीच, तर दमटपणाकडे वळावे: पूड बंद पिंपात ठेवावी, हॉपरमध्ये लागेल तेवढीच भरावी. बदल केल्यावर एकदा मुद्दाम वेग पूर्वीइतका वाढवून बघा. गळती परत वाढली, तर कारण पक्के.

आम्हाला बोलावताना गळकी पाकिटे फेकू नका. प्रत्येकावर वेळ, शिफ्ट आणि फिल्म रोलचा नंबर लिहून ती कोरड्या डब्यात ठेवा, आणि तापमान बदलले असेल तर आधीचा आकडाही लिहून ठेवा.