कागद जावा, रंग राहावा

हाताने काढलेले चित्र स्कॅन केले की पडद्यावर आधी नजरेत भरतो तो कागद. टेबलावर शुभ्र दिसणारा कागद तिथे पिवळट आणि बारीक ठिपक्यांनी भरलेला दिसतो. स्कॅनर बिघडलेला नसतो. आपली नजर समोरच्या कागदाला पांढरा धरून बाकीचे रंग त्याच्या तुलनेत पाहते, तर स्कॅनर फक्त किती प्रकाश परत आला ते मोजतो. कागद पडलेला सगळा प्रकाश परत फेकत नाही आणि त्यातही निळा प्रकाश बहुधा थोडा जास्त शोषतो. त्यामुळे तो किंचित पिवळाच नोंदला जातो. तो पांढरा करणे सोपे आहे. अवघड आहे ते फिकट रंगाचे हात, म्हणजे ब्रशने दिलेले पातळ थर, वाचवणे, कारण आकड्यांच्या हिशेबात फिकट रंग आणि कागद अगदी शेजारी राहतात.

उदाहरणाला एक चित्र घेऊ. ए५ आकाराचा, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरचा जाड कागद, काळ्या शाईच्या ०.३ मिलिमीटर पेनाने काढलेल्या रेषा आणि आकाशाला जलरंगाचा अगदी पातळ निळा हात. हे चित्र ए४ आकारात छापायचे आहे आणि पडद्यासाठीही वापरायचे आहे.

रेझोल्यूशन ठरवताना सुरुवात शेवटच्या आकारापासून करावी. चांगल्या छपाईसाठी छापलेल्या आकारात दर इंचाला ३०० पिक्सेल हा रूढ हिशेब आहे. ए५ चे ए४ करताना प्रत्येक बाजू १.४१ पट वाढते, म्हणून मूळ कागदावर इंचाला निदान ४२४ पिक्सेल हवेत. त्याच्या वरचा सोयीचा आकडा ६००. या सेटिंगला चित्र साधारण ३४९६ × ४९६१ पिक्सेलचे होते आणि न दाबलेली २४ बिट रंगीत फाइल सुमारे ५२ मेगाबाइटची. १२०० निवडले तर दोन्ही बाजू दुप्पट होतात आणि फाइल चौपट.

रेषांच्या बाजूनेही ६०० चा निर्णय बरोबर ठरतो. ०.३ मिलिमीटरची रेषा ३०० ला जेमतेम साडेतीन पिक्सेल रुंद येते, ६०० ला सात. रेषेच्या दोन्ही कडांना अर्धवट शाई आणि अर्धवट कागद असलेले करडे पिक्सेल असतातच. साडेतीन पिक्सेलांतून ते वजा केले तर निखळ काळे फारसे उरत नाहीत आणि रेषा मऊ, थकलेली दिसते. पेन ०.१ मिलिमीटरचे असेल तर ३०० ला रेषा एका पिक्सेलच्या आसपास येते आणि मध्येच तुटल्यासारखी भासते. नुसते शाईचे काम मोठे करून छापायचे असेल तेव्हाच १२०० चा विचार करावा.

स्कॅनरच्या माहितीत दिलेला सर्वात मोठा आकडा मात्र बहुधा सॉफ्टवेअरने भर घालून काढलेला असतो. खरी क्षमता ऑप्टिकल रेझोल्यूशनची. ती तपासायला रेषांचा एक छोटा तुकडा ६०० आणि १२०० अशा दोन्ही सेटिंगला स्कॅन करावा आणि ६०० चा तुकडा दुप्पट मोठा करून शेजारी ठेवावा. १२०० च्या तुकड्यात नवा तपशील दिसत नसेल तर ते जास्तीचे पिक्सेल फक्त जागा खातात.

आता कागद काचेवर ठेवण्याआधीची तयारी. पेन्सिलचे कच्चे काम शाई पूर्ण वाळल्यावर खोडून रबराचा चुरा मऊ ब्रशने झटकावा, काच कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावी. स्कॅन झाल्यावर एकेक कण पुसत बसण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम कितीतरी स्वस्त पडते. जलरंगाने कागद फुगला असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली दाबावा. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये बहुतेक सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो आणि तो काचेला चिकटलेल्या भागापुरताच स्पष्ट पाहतो. कागद दोन-तीन मिलिमीटर वर उचलला गेला तरी तेवढा भाग पुसट आणि काळपट होतो. पाठीमागे काही लिहिलेले किंवा रंगवलेले असेल तर कागदामागे काळा कार्डपेपर ठेवावा. झाकणाचा पांढरा रंग कागदातून आरपार गेलेला प्रकाश परत पाठवतो आणि त्यामुळे मागची आकृती उमटते. काळा कागद तो प्रकाश गिळतो. अख्खा कागद थोडा गडद येतो, पण सगळीकडे सारखाच, आणि असा सारखा गडदपणा नंतर सहज निघतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले सगळे आपोआप चालणारे सुधार बंद करावेत: आपोआप उजेड आणि रंग, शार्पनिंग, पार्श्वभूमी गुळगुळीत करणे, छापील जाळी काढणे. बरीच चित्रे इथेच बिघडतात आणि दोष नंतरच्या एडिटिंगला दिला जातो. शार्पनिंग रेषेच्या कडेला उजळ किनार आणते आणि कागदाचा खरखरीतपणा वाढवते. आपोआप उजेड निवडलेल्या भागावरून ठरतो, म्हणून मोठे चित्र दोन तुकड्यांत स्कॅन केले तर आकाश दोन छटांचे निघते. पार्श्वभूमी पांढरी करणारा पर्याय फिकट निळा हात मुळात नोंदवतच नाही, आणि जे नोंदले नाही ते कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. रेषांचे काम असले तरी कृष्णधवल दोनरंगी मोड टाळावा, रंगीत मोडच वापरावा. फाइल टिफ स्वरूपात ठेवावी. स्कॅनर देत असेल तर ४८ बिट घ्यावे, म्हणजे नंतर रंग ताणताना छटांमध्ये पायऱ्या पडत नाहीत.

एवढे सांभाळून स्कॅन केलेले चित्र पहिल्या नजरेला मळकट आणि निस्तेज दिसते. ते तसेच हवे. त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, उघडला की उजवीकडे एक उंच सुळका दिसतो, तो कागद. डावीकडचा ठेंगणा उंचवटा म्हणजे शाई. फिकट हात त्या सुळक्याच्या डाव्या उतारावरच लपलेला असतो.

आपल्या चित्रात रंगनिवडीच्या साधनाने कोऱ्या कागदावर चार-पाच ठिकाणी मोजले आणि ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण उजळ या मापात लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलांचे सरासरी आकडे २४४, २४०, २२६ आले असे धरू. कागदाच्या पोतामुळे प्रत्येक आकडा चारेक अंकांनी वर-खाली होतो. म्हणजे लाल चॅनेलमध्ये कागद २४० ते २४८, हिरव्यात २३६ ते २४४ आणि निळ्यात २२२ ते २३०. निळ्या आकाशाचे आकडे २२६, २३५, २२४.

ज्या आकड्यापासून वरचे सगळे पांढरे धरायचे तो पांढरा बिंदू. इथे पहिली चूक अशी होते की त्याचे आयड्रॉपर घेऊन कागदावर एकदा टिचकी मारली जाते. ती सरासरीच्या आसपास पडली, तर कागदाचा निम्मा भाग त्या आकड्याच्या खाली राहतो आणि पांढऱ्यावर करड्या ठिपक्यांची धूळ उरते. मग वैतागून एकच स्लायडर तिन्ही चॅनेलांसाठी २२२ पर्यंत ओढला जातो. धूळ जाते, पण आकाशाचे तिन्ही आकडे २२२ च्या वर असल्याने आकाशही कोरे पांढरे होते.

बरोबर रस्ता म्हणजे काळा आणि पांढरा बिंदू ठरवणाऱ्या Levels या साधनात चॅनेल एकेक निवडून प्रत्येकाचा पांढरा बिंदू त्या चॅनेलमधल्या कागदाच्या सर्वात गडद आकड्यावर ठेवणे: लालला २४०, हिरव्याला २३६, निळ्याला २२२. काळा बिंदू तिन्हीकडे ३० धरू. प्रत्येक पिक्सेलचा नवा आकडा असा निघतो:

```
नवा = 255 × (जुना − काळा) ÷ (पांढरा − काळा)
```

आकाशाचा लाल आकडा २५५ × १९६ ÷ २१० म्हणजे २३८ होतो, हिरवा २५४, आणि निळा मर्यादेपलीकडे जाऊन २५५ वर थांबतो. कागद तिन्हीकडे २५५. आधी लाल चॅनेलमध्ये कागद आणि आकाश यांत १८ अंकांचे अंतर होते, आता १७ आहे. कागद गेला आणि आकाश राहिले.

हे जमले कारण निळा रंग लाल प्रकाश शोषतो आणि त्याची खरी खूण लाल चॅनेलमध्ये असते. म्हणून फिकट निळा किंवा हिरवट हात असेल तर लाल चॅनेलचा पांढरा बिंदू हळू हाताने ओढावा, निळ्या चॅनेलमध्ये मोकळीक असते. फिकट पिवळ्याचे उलट. त्याची खूण निळ्या चॅनेलमध्ये असते आणि कागदाचा पिवळटपणाही तिथेच बसलेला असतो. फार पातळ पिवळा हात जुन्या कागदापासून आकड्यांनी वेगळा काढता येत नाही. तिथे लेव्हल्स हलकेच लावून पिवळ्या भागाभोवती हाताने मास्क रंगवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

कागद एका बाजूला गडद असेल तर लेव्हल्स पुरत नाहीत. वहीच्या शिवणीजवळ किंवा कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत हे हमखास होते. एक बाजू पांढरी होईपर्यंत दुसऱ्या बाजूचे रंग जळतात. त्यावर उपाय म्हणजे त्याच जागी, त्याच प्रकाशात तशाच कोऱ्या कागदाची प्रतिमा घेऊन ती किंचित धूसर करावी, चित्रावरच्या लेयरमध्ये ठेवावी आणि लेयर मोड Divide करावा. जिथे कोरा कागद गडद आला तिथे चित्र तेवढ्याच पटीने उजळते.

आता शिल्लक डाग शोधायचे. नजरेवर विसंबू नये, २५० आणि २५५ यांतला फरक पडद्यावर दिसत नाही. चित्राची प्रत वरच्या लेयरमध्ये घेऊन तिच्या Levels मध्ये काळा बिंदू २३० ला आणावा. पांढरे पांढरेच राहते. जे जे त्याहून कमी आहे ते भडक होऊन वर येते. आकाश भडक हिरवट निळे दिसते, आणि कागदाची कड, रबराचा माग, बोटाचा ठसा हेही उघडे पडतात. हा नकाशा पाहून खालच्या लेयरवर मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने तेवढेच डाग पुसावेत आणि नकाशाची प्रत काढून टाकावी. आकाशाच्या आत उरलेला कागदाचा पोत पुसू नये. तो रंगाचाच भाग आहे आणि तो गेला की जलरंग प्लॅस्टिकसारखा सपाट दिसतो.

पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर जादूच्या कांडीने पांढरा भाग निवडून पुसण्याचा मोह आवरावा. रेषेच्या कडेच्या करड्या पिक्सेलांत पांढरा मिसळलेला असतो आणि गडद रंगावर ठेवताच तो पांढरी किनार होऊन उमटतो. गिंपमधले Color to Alpha त्या पिक्सेलांतून पांढरा वेगळा काढते आणि उरलेली शाई तेवढ्या प्रमाणात पारदर्शक करते. नुसत्या रेषांसाठी हे उत्तम. रंगाच्या हाताला ते लावले तर आकाशही अर्धपारदर्शक होते आणि मागचा रंग त्यातून झिरपतो. रंगीत चित्र हलक्या पार्श्वभूमीवर ठेवायचे असेल तर ते पांढऱ्यासकट ठेवून लेयर मोड Multiply करावा.

आकार लहान करणे आणि गरजेपुरते शार्पनिंग हे सफाई संपल्यावर, वेगळ्या प्रतीवर करावे. जेपेग तर अगदी शेवटी. ते चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबते आणि काळ्या रेषेभोवतीच्या पांढऱ्यात करडे बारीक ठिपके सोडते. मधल्या टप्प्यात जेपेग केले की सफाई केलेली पार्श्वभूमी पुन्हा २५५ च्या खाली येते आणि डागांचा नकाशा नव्याने काढावा लागतो. रेषांच्या कामासाठी पडद्यावरही पीएनजी बरे.