एलएमव्ही-टीआर की ट्रान्स? ट्रान्सपोर्टच्या मालकाला मेसेज टाकण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून माल उचलणाऱ्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन बघा. कामासाठी आलेल्या ड्रायव्हरांच्या मेसेजमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "ट्रान्सपोर्ट लायसन आहे." लिहिणारा खोटं बोलत नसतो. पण हे वाक्य दोन वेगवेगळ्या लायसनांना लागू पडतं आणि मालकाला नेमकं तेच कळत नाही. मग तो फोन तरी करतो, नाहीतर पुढच्या मेसेजकडे वळतो. बहुतेक वेळा वळतोच.

आपल्याकडच्या कार्डावर मालवाहतुकीचे दोन वर्ग दिसतात. एक एलएमव्ही-टीआर, म्हणजे हलकी व्यावसायिक गाडी. दुसरा ट्रान्स. बोलताना आपण ज्याला हेवी म्हणतो तो हा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या ड्रायव्हरच्या कार्डावर हेवीसाठी एचजीएमव्ही किंवा एचएमव्ही अशी अक्षरंही असू शकतात. घोटाळा होतो तो टीआर या दोन अक्षरांमुळे. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, म्हणून एलएमव्ही-टीआरवाला स्वतःला ट्रान्सपोर्ट लायसनवाला समजतो, आणि त्याचं चुकतही नाही. फक्त त्या लायसनवर दहाचाकी हातात घेता येत नाही.

दोन्हींमधली रेघ ७५०० किलोची आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्या मालगाडीचं एकूण वजन ७५०० किलोपर्यंत आहे, ती हलकी. हे एकूण वजन म्हणजे गाडी आणि तिला पासिंग असलेला पूर्ण माल मिळून होणारं, आरसीवर जीव्हीडब्ल्यू म्हणून छापलेलं वजन. छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअप या रेघेच्या बऱ्याच खाली आहेत. टाटा ७०९ सारख्या गाड्यांच्या आरसीवर ७४९० हा आकडा दिसतो, म्हणजे कंपनीने मुद्दाम रेघेच्या दहा किलो अलीकडे ठेवलेली गाडी. सोळा टनांची सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी, ट्रेलर हे सगळं रेघेपलीकडचं. तिथे ट्रान्सशिवाय चालत नाही.

इथे ड्रायव्हर लोक दोन गोष्टींत हमखास फसतात. पहिली म्हणजे बॉडीची लांबी. चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी हे आपण भाड्याच्या हिशोबासाठी बोलतो. त्यावरून लायसनचा वर्ग ठरत नाही. सतरा फुटी बॉडीची एक आयशर साडेसात टनांच्या आत असते आणि तशीच दिसणारी दुसरी बाहेर असते. "आयशर चालवतो" एवढं लिहिलं तर मालकाला रेघेची कुठली बाजू ते कळायला मार्ग नाही. दुसरी गोष्ट रिकाम्या गाडीची. "गाडी रिकामी होती, नुसती सर्व्हिसिंगला नेली" हे कारण चालत नाही, कारण बघितलं जातं ते आरसीवरचं वजन, काट्यावरचं नाही. एलएमव्ही-टीआरवर रिकामी दहाचाकी शिरोली नाक्यापर्यंत नेली, तरी ती विनालायसन चालवल्यासारखीच.

आता सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दल, कारण त्याचा अर्धाच भाग स्टँडवर पोचलाय. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की ज्याच्याकडे साधं एलएमव्ही लायसन आहे, तो ७५०० किलोच्या आतली मालगाडी वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीशिवाय चालवू शकतो. यावरून "आता टीआरची गरजच नाही, सगळं चालतं" असं काही जण सांगत सुटले. निकालाने मोकळीक दिली ती रेघेच्या आतल्या गाड्यांना. रेघेपलीकडच्या गाड्यांचे नियम जिथल्या तिथे आहेत. म्हणजे पिकअपच्या ड्रायव्हरचा प्रश्न सुटला, दहाचाकीवर बसू पाहणाऱ्याचा नाही.

मालक या बाबतीत एवढा काटेकोर का असतो, हेही ड्रायव्हरने समजून घ्यावं. वर्ग नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली तर ड्रायव्हरला ५००० रुपये दंड आणि मालकाला वेगळा ५००० रुपये दंड, हे तर झालंच. पण खरी भीती अपघाताची असते. गाडीने कुणाला उडवलं आणि ड्रायव्हरकडे त्या गाडीचा वर्ग नसला, तर अशा प्रकरणात कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला सांगतं की आधी जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना भरपाई द्या आणि नंतर ती मालकाकडून वसूल करा. दोन-तीन गाड्यांचा मालक त्या एका वसुलीत गाड्या विकून मोकळा होतो. उलट मालकाने कामावर ठेवताना लायसन नीट बघून घेतलं होतं हे दाखवता आलं, तर त्याची बाजू मजबूत होते. म्हणून ड्रायव्हरने वर्ग आणि मुदत स्पष्ट लिहिलेला मेसेज, सोबत कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो, हा मालकाच्या उपयोगाचा कागद आहे. तो जपून ठेवणारे मालक मला माहीत आहेत, आणि ते बरोबर करतात.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हर कागल तालुक्यातला, वय बत्तीस. त्याचा मेसेज असा:

"नमस्कार मालक. ट्रान्सपोर्ट लायसन आहे, २०३४ पर्यंत चालू. सगळ्या गाड्या चालवतो. रेकॉर्ड एकदम क्लीन. काम असेल तर सांगा."

त्याचं कार्ड हातात घेतलं की चित्र बदलतं. वर्ग आहेत मोटरसायकल आणि एलएमव्ही-टीआर. ट्रान्स नाही. मुदतीच्या दोन तारखा आहेत: एनटीसमोर २०३४, टीआरसमोर मार्च २०२८. एनटी म्हणजे खासगी गाडीची मुदत. लायसन २०१४ साली निघालं तेव्हाच्या नियमाने ती वीस वर्षांची मिळाली. टीआरची मुदत पूर्वी तीन वर्षांची असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. घातक माल नेणाऱ्यांना मात्र तीनच वर्षं, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण. ड्रायव्हर कार्डावरची मोठी तारीख वाचतो आणि तीच लिहितो. ट्रान्सपोर्टच्या कामाला लागते ती लहान तारीख. ही चूक इतकी सर्रास आहे की मेसेजमध्ये एवढी लांबची तारीख दिसली की मालक ती एनटीची धरूनच चालतो. मुदत संपल्यावर महिनाभर चालायचं ती सवलतही २०१९ च्या दुरुस्तीने गेली. त्यामुळे "संपलंय, पण रिन्यूला टाकलंय" असं असेल तर तेही तसंच लिहावं. डॉक्टरचा फॉर्म १ए घेऊन नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

त्याच माणसाचा मेसेज असा असायला हवा होता:

"नमस्कार मालक. माझं लायसन एमएच ०९ चं, वर्ग एलएमव्ही-टीआर, टीआर मुदत मार्च २०२८ पर्यंत. ट्रान्स नाही, एप्रिलनंतर काढणार आहे. चालवलेल्या गाड्या: छोटा हत्ती, बोलेरो पिकअप आणि सतरा फुटी आयशर, आरसीवर वजन ७४९० किलो. माल: शिरोलीतून पुण्याकडे कास्टिंग, सीझनला मार्केट यार्डातून गूळ. आंबा आणि करूळ घाट लोड घेऊन केलेत. माझ्या हातून झालेल्या अपघाताची पोलीस केस नाही, लायसन कधी सस्पेंड झालेलं नाही. कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवतोय. आधीच्या मालकांचा नंबर मागितलात तर त्यांना विचारून देतो."

या मेसेजला बाराचाकीचा मालक नाही म्हणेल. म्हणू दे. ज्याच्याकडे सात टनी आयशर उभी आहे तो मात्र लगेच फोन करेल, कारण त्याला विचारायचं काहीच उरलेलं नाही.

ट्रान्सवाल्याने आणखी एक तारीख लिहावी: ट्रान्सचा वर्ग कार्डावर कधी चढला ती. प्रत्येक वर्गासमोर तो मिळाल्याची तारीख असते. "दहा वर्षं हेवी चालवतोय" असं लिहिलं आणि कार्डावर ट्रान्स २०२२ चा निघाला, तर अनुभव खोटा आहे किंवा आधीची वर्षं विनालायसन चालवलीत, एवढे दोनच अर्थ निघतात आणि दोन्ही वाईट. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून काढलेली वर्षं असतील तर ती किन्नर म्हणूनच लिहावीत. घाटात ड्रायव्हरशेजारी बसून शिकलेल्या माणसाला जुने मालक किंमत देतात.

एलएमव्हीवरून ट्रान्सवर जायचं तर एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं हवं, वय वीस पूर्ण हवं, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ प्रमाणपत्र लागतं आणि चाचणी जड गाडीवर द्यावी लागते. ज्याच्या लाईनवर आज ना उद्या मोठी गाडी येणार आहे त्याने हे काम मंदीत उरकावं. ऊस सुरू झाला की सुट्टी मिळत नाही.

राहिलं "रेकॉर्ड क्लीन". हे दोन शब्द मालकाला तपासता येत नाहीत, म्हणून त्यांना वजन नाही. तपासता येतील अशा गोष्टी लिहाव्यात. अपघाताची केस आहे की नाही. असेल तर कुठल्या साली आणि निकाल काय लागला. लायसन कधी सस्पेंड झालं का. ओव्हरलोड, सिग्नल तोडणं, दारू, गाडी चालवताना मोबाईल, मालगाडीत माणसं भरणं, यात लायसन तीन महिने जाऊ शकतं. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसवून नेल्यामुळे चांगल्या ड्रायव्हरांची लायसनं अडकतात, आणि ते त्याला गुन्हा समजत नाहीत म्हणून लिहीतही नाहीत. लायसनची सध्याची स्थिती parivahan.gov.in वर नंबर आणि जन्मतारीख टाकून कुणालाही बघता येते, तेव्हा सस्पेंड असलेलं लायसन चालू म्हणून सांगणं टिकत नाही.

चलनांचं थोडं वेगळं आहे. कॅमेऱ्याने काढलेलं चलन गाडीच्या नंबरावर पडतं, ड्रायव्हरच्या नावावर नाही. "माझ्यावर एकही चलन नाही" हे त्यामुळे अर्धंच उत्तर होतं. त्यापेक्षा "आधीच्या गाडीवर माझ्या काळात पडलेली चलनं मालकांनी पगारातून कापून भरली, आता बाकी नाही" असं खरं असेल तर खरं लिहावं. वेगाची एक-दोन चलनं बघून कुणी ड्रायव्हरला परत पाठवत नाही. लपवलेली चलनं नंतर सापडली की मात्र गाडीची चावी काढून घेतली जाते.