मुका माज (म्हैस)

म्हशीच्या अंडाशयात बीज पिकते आणि सुटते, गर्भाशयही तयार असते, पण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही किंवा इतके थोडे दिसते की ते रोजच्या वागण्यात विरून जाते. अशा माजाला मुका माज म्हणतात. म्हैस माजावरच न येणे ही निराळी गोष्ट आहे, कारण तिथे बीजच सुटत नाही. गोठ्यातून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणूनच ‘ही माजावर येतच नाही’ म्हणून दाखवलेल्या म्हशींपैकी काही प्रत्यक्षात दर तीन आठवड्यांनी नेमाने माजावर येऊन गेलेल्या असतात. बडोद्याच्या आसपासच्या सुरती म्हशीतही हा प्रकार नेहमीचा आहे. इथल्या मराठी गोठ्यांत गुजराती शब्द सहज मिसळतात: माजात गळणाऱ्या चिकट स्रावाला, म्हणजे सोटाला, ‘लाळी’ म्हणतात, रेड्याला ‘पाडो’. ‘वेतर’ या शब्दाने मात्र नवख्या मराठी माणसाची गफलत होते. मराठीत वेत म्हणजे विण्याची खेप. गुजरातीत वेतराचा तो अर्थ आहेच, शिवाय ‘भेंस वेतरमां आवी’ म्हणजे म्हैस माजावर आली.

लक्षणे : गायीचा माज ज्याने पाहिला आहे तो म्हशीत हमखास फसतो. माजावरची गाय हंबरते, दुसऱ्या गायींवर चढते आणि तिच्या निरणातून, म्हणजे योनीच्या बाहेरच्या ओठांतून, सोटाची काचेसारखी तार लोंबते. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. काही रेकतात, पण न रेकणाऱ्याही खूप असतात. सोट गायीपेक्षा कमी असतो आणि उभ्या म्हशीत तो बाहेर लोंबण्याऐवजी योनीच्या तळाशी साचून राहतो. म्हैस बसली की पोटाचा दाब पडतो आणि तो बाहेर येतो. त्यामुळे सोट पाहायचा तो म्हैस बसलेली असताना, किंवा ती उठल्याबरोबर तिच्या मागच्या जागेवर. शेण काढून झाडून घेतल्यावर पाहिले तर पुरावा झाडूबरोबर गेलेला असतो. संध्याकाळी मागची जागा धुऊन कोरडी ठेवावी. पहाटे म्हैस उठवून, शेणाला हात लावण्याआधी, तिथे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, चिकट डाग दिसतो का ते पाहावे. शेपटीच्या मुळाशी आणि मांडीच्या आतल्या बाजूला हाच सोट वाळून चकाकणारी खपली धरतो. रात्री निसटलेला माज कित्येकदा या खपलीवरून कळतो, पण ती केव्हाची हे तिच्यावरून सांगता येत नाही.

निरण सुजते आणि तिच्या सुरकुत्या सपाट होतात. ओठ अलगद उघडून पाहिले तर आतला भाग गुलाबी, ओला दिसतो. माज नसताना तोच फिकट आणि कोरडासा असतो. म्हशीची कातडी काळी असल्याने सूज लांबून कळत नाही. एरवीची निरण रोज धार काढताना पाहिलेली असेल तरच आजचा फरक डोळ्यांत भरतो. वारंवार थोडे थोडे मुतणे, वैरण अर्धी टाकणे, पान्हा चोरणे, सड भरल्यासारखे दिसणे ही जोडीची लक्षणे. यांतले एकटे कुठलेही लक्षण पुरेसे नाही. दूध कमी झाले म्हणजे माज, असे धरले तर वैरण बदलली तरी डॉक्टरांना बोलवावे लागेल. पण गावच्या दूध मंडळीत सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्याकडे मापाची पावती असते. एका वेळचे दूध अचानक उतरून दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले, तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार रेडाच. म्हैस त्याच्यापुढे स्थिर उभी राहिली की माज नक्की. मोठ्या गोठ्यात नसबंदी केलेला रेडा पहाटे आणि रात्री अर्धा-अर्धा तास म्हशींमागून फिरवतात. तो निरण हुंगून वरचा ओठ मुडपतो, हनुवटी तिच्या पुठ्ठ्यावर टेकवतो. दोन-तीन म्हशी असलेल्या घराला असा रेडा पोसणे परवडत नाही. तिथे माणसाचे डोळे आणि कॅलेंडर एवढ्यावरच भिस्त.

माज मुका का : म्हशीत माजाची लक्षणे उमटवणाऱ्या इस्ट्रोजेन संप्रेरकाची पातळी गायीपेक्षा कमी चढते. व्यायल्यानंतरचा पहिला माज तर बहुधा मुकाच जातो, कारण लक्षणे उमटण्यासाठी आधीच्या चक्रातले प्रोजेस्टेरॉन शरीरात होऊन गेलेले असावे लागते. ऋतूचा परिणामही मोठा आहे. दिवस लहान होऊ लागले की म्हशीचा माज सुधारतो, त्यामुळे सप्टेंबर ते फेब्रुवारी हा फळवण्याचा खरा हंगाम. एप्रिल ते जून या काळात लांब दिवसांच्या जोडीला बडोद्यातला चाळीस अंशांवरचा उन्हाळा येतो. काळी कातडी ऊन शोषते आणि म्हशीच्या अंगात घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा बऱ्याच कमी असतात. या दिवसांत पाण्यात डुंबवणे किंवा दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारणे उपयोगी पडते, पण त्याने उन्हाळ्याचा हिवाळा होत नाही.

आणखी एक कारण आहे, ते म्हशीत नसून माणसात आहे. म्हशीचा माज पुष्कळदा रात्री किंवा पहाटे सुरू होतो, उन्हाळ्यात तर जास्तच. एकूण माज साधारण १२ ते २४ तासांचा. रात्री सुरू झालेल्या माजाचा ठळक भाग सकाळची धार होईपर्यंत ओसरू लागतो. मुका म्हणून नोंदलेले बरेच माज मुके नसतात, ते आपल्या झोपेत बोलून गेलेले असतात. रात्री दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन गोठ्यात मारलेली एक फेरी महागड्या खनिज मिश्रणापेक्षा अधिक माज पकडून देते, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. मिश्रण द्यावेच, पण फेरीच्या बदल्यात नव्हे.

रेतनाची वेळ : म्हशीचे बीज माज संपल्यानंतर साधारण १० ते १४ तासांनी सुटते, म्हणजे माज सुरू झाल्यापासून सुमारे ३० ते ३४ तासांनी. सुटलेले बीज काही तासच टिकते. गोठवलेल्या रेतातले शुक्रजंतू गर्भमार्गात साधारण एक दिवस तग धरतात, पण फलनक्षम होण्यासाठी त्यांना आधी काही तास लागतात. म्हणून रेतन बीज सुटण्याआधी, माजाच्या उत्तरार्धात व्हायला हवे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा जुना नियम म्हशीलाही लागू पडतो. त्यानंतर १२ तासांनीही माजाची लक्षणे टिकून असतील तर दुसरे रेतन करावे.

हा नियम ‘दिसला’ या शब्दावर उभा आहे, आणि मुक्या माजात माज केव्हा दिसला आणि केव्हा सुरू झाला यांत मोठी तफावत पडते. एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. बडोद्याजवळच्या पादरा बाजूच्या एका गोठ्यात सुरती म्हैस १० ऑगस्टला व्यायली, असे धरू. ४ ऑक्टोबरला संध्याकाळचे दूध चार लिटरवरून सव्वातीनवर आले आणि दुसऱ्या दिवशी परत चारवर गेले. सोट दिसला नाही, पण तारीख लिहून ठेवली. म्हशीचे चक्र सरासरी २१ दिवसांचे, १८ ते २४ दिवसांच्या पट्ट्यातले, म्हणून २२ ते २८ ऑक्टोबर या काळात रात्रीची फेरी चुकवायची नाही. २४ तारखेच्या रात्री दहाला जागा कोरडी होती. २५ ला पहाटे पाचला डाग दिसला, स्वच्छ आणि पारदर्शक. म्हणजे माज या सात तासांत कधीतरी सुरू झाला. रात्री दहाला सुरू झाला असेल तर बीज २६ च्या पहाटे चारपासून सुटू शकते. पहाटे पाचला सुरू झाला असेल तर ते दुपारी तीनपर्यंतही सुटेल. २५ च्या संध्याकाळी सहाचे रेतन या दोन्ही टोकांच्या आधी, १० ते २१ तास पडते. २६ च्या सकाळी सोट आणि निरणाची लाली कायम असेल तर पुन्हा एकदा.

रात्रीची फेरी झाली नसती तर हाच डाग आदल्या संध्याकाळचाही असू शकला असता. मग संध्याकाळची वाट पाहणे धोक्याचे. अशा वेळी सकाळीच पशुवैद्याने हात घालून गर्भाशयाचा ताठरपणा आणि अंडाशयावरचा बीजपुटक, म्हणजे बीज पिकवणारा फोड, तपासावा आणि लगेच रेतन करायचे की थांबायचे ते ठरवावे. म्हशीचे अंडाशय लहान असते आणि बीज सुटल्यावर त्यावर तयार होणारे पीतपिंड गायीसारखे वर उठून न येता आत दडलेले असते, त्यामुळे एका तपासणीत चूक संभवते. मुका माज आहे की माजच नाही, हे ठरवायला दहा-अकरा दिवसांनी दुसरी तपासणी लागते.

सोट पांढुरका, गढूळ किंवा पुवाचे कण असलेला असेल तर रेतन करू नये. तो गर्भाशयाच्या दाहाचा असू शकतो आणि आधी उपचार हवा. रेताची कांडी ३७ अंश पाण्यात ३० सेकंद वितळवतात. पाणी बोटाने अजमावून कांडी घालणारा दिसला तर त्याला थर्मामीटर मागायला संकोच करू नये. माजच पकडता येत नसेल तर पशुवैद्य संप्रेरकांची इंजेक्शने ठरावीक दिवसांनी देऊन, माज पाहण्याची गरज न ठेवता, ठरल्या वेळी रेतन करतात. चक्र सुरू असलेल्या म्हशीत, हंगामात याचा उपयोग होतो. अंडाशयच निजलेले असेल तर यश फार कमी.

गाभण की उलटली : रेतनानंतर म्हैस उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की ती गाभण, हा हिशेब मुक्या माजाच्या म्हशीत चालत नाही. जिचा माज एकदा दिसला नाही, तिचा उलटण्याचा माजही निसटू शकतो, आणि रिकामी म्हैस गाभण समजून चार-पाच महिने पोसली जाते. वरच्या उदाहरणात १२ ते १८ नोव्हेंबर पुन्हा पहारा ठेवायचा आणि काहीही दिसले नाही तरी २४ डिसेंबरला, साठ दिवस भरल्यावर, गाभण तपासणी करून घ्यायची. गाभण ठरली तर सुमारे ३१० दिवसांनी, म्हणजे पुढच्या ऑगस्टअखेर, ती विईल. उलट, काही गाभण म्हशीही सोट टाकतात आणि माजावर आल्यासारख्या वागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असा सोट दिसला तर आधी गर्भाशय तपासून घ्यावे. न तपासता रेतनाची नळी आत सरकवली तर बेचाळीस दिवसांचा गर्भ जाऊ शकतो.