फॅटी लिव्हर आणि उजव्या बरगडीखालचा जडपणा

उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून सोनोग्राफी केली आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’ असे आले की दुखण्याचे कारण सापडले, असे बहुतेकांना वाटते. ते नेहमीच खरे नसते. यकृताच्या आतील भागाला वेदना कळत नाही. त्यावरील पातळ आवरणाला मात्र कळते. चरबीमुळे यकृताचा आकार वाढून हे आवरण ताणले गेले, तर मंद, नेमके बोट ठेवता न येणारे दुखणे जाणवू शकते. मात्र बऱ्याच जणांना फॅटी लिव्हर असूनही काहीच त्रास होत नाही, आणि दुखण्याचे कारण पित्ताशयातील खडे, आम्लपित्त, बद्धकोष्ठता किंवा पोटाचे स्नायूही असू शकतात. उताणे झोपून डोके व खांदे उचलल्यावर दाबलेल्या जागी दुखणे वाढले, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतील असते.

दुखणे किती आहे यावरून यकृताचे किती नुकसान झाले हे समजत नाही, आणि सोनोग्राफीच्या ग्रेडवरूनही नीट समजत नाही. ग्रेड सांगते ती चरबी. पुढचा धोका ठरतो तो यकृतात तयार होणाऱ्या तंतुमय व्रणांवरून. त्यांचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी डॉक्टर ‘फिब-4’ नावाचा आकडा काढतात. त्यासाठी वय आणि रक्ततपासणीतील तीन आकडे, म्हणजे एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट, एवढेच लागते. समजा, 46 वर्षांच्या, 84 किलो वजनाच्या गृहस्थांचे एसजीओटी 52, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 2 लाख 10 हजार आहेत. वयाला एसजीओटीने गुणले की 2392 येतात. त्यांना 210 (हजारांतील प्लेटलेट) आणि 8 (64 चे वर्गमूळ) यांच्या गुणाकाराने, म्हणजे 1680 ने भागले की उत्तर सुमारे 1.42 येते. 1.3 पेक्षा कमी असता तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी मानली असती, 2.67 च्या वर असता तर काळजीचे कारण होते. मधला आकडा आल्यामुळे या गृहस्थांना यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करावी लागेल. फार तरुण वयात हा आकडा विश्वासार्ह नसतो आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा 2 धरतात, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

उपचाराचा कणा वजन हाच आहे. वजन 5 टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. सूज ओसरण्यासाठी 7 ते 10 टक्के, तर व्रणांत सुधारणा दिसण्यासाठी साधारण 10 टक्के घट लागते. आपल्या उदाहरणातील गृहस्थांसाठी 7 टक्के म्हणजे जवळपास 6 किलो होतात, आणि आठवड्याला अर्धा किलो या गतीने त्यांना सुमारे तीन महिने लागतील.

सुरुवात चहापासून करावी, असे मला वाटते. दिवसाला पाच कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर केवळ चहातून 40 ते 50 ग्रॅम साखर पोटात जाते, आणि साखरेतील फ्रुक्टोजचे चरबीत रूपांतर प्रामुख्याने यकृतातच होते. गूळ किंवा मध घेतल्याने हा हिशेब बदलत नाही, आणि फळांचा रसही याच हिशेबात धरावा. ताटात भात आणि पोळी दोन्ही भरपूर असण्याऐवजी एकाचेच माफक प्रमाण ठेवून उसळ, ताक, भाजी आणि कोशिंबीर वाढवावी. उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी समजली जाते. प्रत्यक्षात ती स्टार्च, तूप आणि शेंगदाण्यांचा भरगच्च आहार असते. मद्य बंद करणेच उत्तम.

घाई मात्र करू नये. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवले की पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, पित्ताशय पुरेसे रिकामे होत नाही आणि खडे तयार होतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी खटाटोप केला, त्याच जागी खरोखरीचे दुखणे सुरू होते. ‘लिव्हर साफ करणारे’ काढेही टाळावेत. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी केली होती.

मंद जडपणासाठी काही दिवसांत वेळ घेऊन डॉक्टरांना भेटले तरी चालते. परंतु तेलकट जेवणानंतर उठणारी, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी आणि तासन्‌तास न थांबणारी कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौचाचा रंग फिका होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, किंवा वरच्या पोटात दुखताना घाम आणि दम लागणे (हा हृदयविकाराचा झटकाही असू शकतो) यांसाठी थेट रुग्णालय गाठावे. पोट किंवा पाय सुजणे आणि प्रयत्न न करता वजन उतरणे यांतही दिरंगाई नको. फॅटी लिव्हर आहेच, म्हणून हेही त्याचेच असेल असे गृहीत धरून वजन घटल्याचा आनंद मानणाऱ्यांचे निदान लांबू शकते.