इटालियन खाद्यपदार्थांच्या लेबलांचे भाषांतर (भारतातील आयातीसाठी)

इटलीहून येणाऱ्या पाकीटबंद खाद्यपदार्थांवरील मजकूर भारतात विक्रीसाठी इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत आणण्याचे काम. सोबत मराठी मजकूर देता येतो, पण नुसता मराठी चालत नाही. मूळ लेबल युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे छापलेले असते आणि भारतात त्याला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलिंग नियम लागू होतात. खरी अडचण या दोन चौकटींमधल्या फरकात आहे.

युरोपात अ‍ॅलर्जीकारक घटक यादीतच ठळक टाइपात छापतात. भारतात ‘कंटेन्स’ अशी वेगळी ओळ द्यावी लागते. म्हणजे मूळ लेबलावर नसलेली ओळ भाषांतरकाराला यादी वाचून तयार करावी लागते, आणि ठळक शब्द तेवढे उचलून ती नेहमीच पुरी होत नाही.

पेस्तोच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. तुळशीच्या जातीतल्या बाझिलिकोची ही चटणी. यादीत सूर्यफूल तेल, बाझिलिको, ‘अनाकार्दी’ म्हणजे काजू, ‘पिनोली’ म्हणजे चिलगोजे आणि ग्राना पादानो चीज. चीजपुढच्या कंसात दूध, मीठ, ‘काल्यो’ आणि ‘लिझोझिमा दा उओवो’. हे शेवटचे अंड्यातून काढलेले परिरक्षक. घाईत कंस गाळून नुसते ‘चीज’ लिहिले, तर ‘कंटेन्स’च्या ओळीतून अंडे निसटते. काल्यो म्हणजे चीजसाठी दूध साकळवायला वासराच्या जठरातून काढलेले रेनेट. त्यामुळे या बाटलीवर हिरवा ठिपका नव्हे, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण हवा. हिरव्या चटणीवर तो पाहून आयातदार हमखास हरकत घेतो. तेव्हा त्याला कंसावर बोट ठेवून दाखवावे.

चिलगोज्यांचा पेच वेगळा. युरोपीय यादीत कवचाच्या सुक्या मेव्याची नावे मोजून दिलेली आहेत आणि त्यांत पिनोली नाहीत, म्हणून ते साध्या टाइपात राहतात. भारतात मात्र ते ‘ट्री नट्स’मध्ये धरलेले बरे. उलट सेलरी, मोहरी, तीळ युरोपच्या १४ गटांत आहेत, भारतीय यादीत नाहीत. पास्त्याच्या पाकिटावर ‘पुओ कोन्तेनेरे सेनापे’ (मोहरीचा अंश असू शकतो) दिसले, तर ‘इथे सक्ती नाही’ म्हणून ते खोडू नये. ‘नोची’चा अर्थही जपून घ्यावा: नुसते ‘नोची’ म्हणजे अक्रोड, ‘नोचे मोस्काता’ म्हणजे जायफळ, सरसकट ‘नट्स’ कुठेच बसत नाही.

न्हावा शेवाला माल उतरल्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे बोधचिन्ह व परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण अशा मोजक्याच गोष्टी कस्टम्सच्या गोदामात स्टिकरने लावता येतात. घटकयादीतली चूक तिथे स्टिकरने झाकता येत नाही, म्हणून मजकूर माल निघण्याआधी पक्का व्हावा लागतो. तो बाटलीच्या फोटोवरून करू नये. उत्पादकाकडून त्या मालाची ‘स्केदा तेक्निका’, म्हणजे तांत्रिक तपशीलपत्र, मागवावे. कारखाना पाककृती बदलतो तेव्हा आयातदाराकडे जुनाच मजकूर पडून असतो.