सरासरी वाढ आणि चक्रवाढ वार्षिक दर: घट लपते ती इथेच

दोन वर्षांतली साधी टक्केवारी सगळ्यांना येते, ती सोडून देऊ. घोळ होतो तो तीन-चार वर्षांचा एकच वार्षिक दर काढताना. दरवर्षीच्या टक्क्यांची बेरीज करून भागाकार केला जातो आणि त्याला बिनधास्त ‘वार्षिक वाढ’ म्हटलं जातं. कर्जाच्या प्रस्तावात तर हे हमखास दिसतं.

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आडतीचं एक काल्पनिक उदाहरण घ्या. 2020-21 ची उलाढाल 40 लाख, पुढच्या वर्षी 60, मग 36 आणि 2023-24 मध्ये 39.6 लाख. म्हणजे 50 टक्के वाढ, 40 टक्के घट, 10 टक्के वाढ. सरासरी निघते अधिक 6.67 टक्के. पण धंदा 40 वरून 39.6 वर आला आहे, वाढ कुठली?

गफलत टक्केवारीच्या पायात आहे. पहिले 50 टक्के 40 लाखांवरचे, म्हणजे 20 लाख. नंतरचे 40 टक्के 60 लाखांवरचे, म्हणजे 24 लाख. टक्का लहान, खड्डा मोठा. पाया दरवर्षी बदलतो, म्हणून या टक्क्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. आणि ही चूक कधी खऱ्यापेक्षा कमी दाखवत नाही: साधी सरासरी खऱ्या, म्हणजे चक्रवाढ वार्षिक दराएवढी किंवा त्याहून जास्तच येते. म्हणूनच ती लोकांना आवडते.

खरा दर मधली वर्षं बघतच नाही. एक्सेलच्या A2 मध्ये सुरुवातीची रक्कम, B2 मध्ये शेवटची, C2 मध्ये वर्षं:

```
=(B2/A2)^(1/C2)-1
```

C2 मध्ये 3 लिहायचे, 4 नाही. आकडे चार असले तरी उड्या तीनच. उत्तर उणे 0.33 टक्के. दोन दशांश ठेवा. पूर्णांकात दाखवलं की ही घट शून्यात जिरते. त्यामुळे घटीची खूण दिसणाऱ्या टक्क्यावरून न लावता मूळ रकमांवरूनच लावावी:

```
=IF(OR(A2<=0,B2<0),"लागू नाही",IF(B2<A2,"घट",""))
```

पहिली अट गाळू नका. उलाढालीऐवजी नफा घेतला आणि तो उणे 5 लाखांवरून उणे 10 लाखांवर गेला, तर भागाकार 2 येतो आणि दोन वर्षांसाठी सूत्र अधिक 41.42 टक्के दाखवतं. तोटा दुप्पट, कागदावर भरभराट! सुरुवात शून्य किंवा उणे असेल तर दर काढूच नये, फरक रुपयांत लिहावा. शेवट नेमका शून्य असेल तर मात्र उणे 100 टक्के हे उत्तर बरोबर आहे.

आडतवाल्यांसाठी एवढंच की मृग बहराची तोड 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे चालते. माल एप्रिलमध्ये सरकला तर त्या आर्थिक वर्षाची उलाढाल विनाकारण पडलेली दिसते, आणि तेच वर्ष पहिलं किंवा शेवटचं असेल तर अख्खा दर बिघडतो. अशा वेळी दोन्ही टोकांना पूर्ण हंगामाचे आकडे घ्यावेत.