नफा माफ, तर तोटाही बाद

शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून तोट्यात विकला, तर तो तोटा आज दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो. २००४ ते २०१८ या काळात मात्र तो नुसता वाया जायचा.

१ ऑक्टोबर २००४ पासून शेअर बाजारातल्या व्यवहारांवर एसटीटी हा व्यवहार कर लागू झाला. त्या बदल्यात पी. चिदंबरम यांनी सूचीबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांचा दीर्घकालीन नफा कलम १०(३८) खाली करमुक्त केला. बारा महिन्यांच्या आत विकलं तर १० टक्के कर, तो २००८ मध्ये १५ टक्के झाला. नफा करातच धरायचा नाही, तर तोटा तरी कसा धरणार? त्यामुळे जाणकार लोक पडलेला शेअर वर्ष पुरं व्हायच्या आत विकून टाकत, म्हणजे तो अल्पकालीन तोटा म्हणून कामी येई.

१ फेब्रुवारी २०१८ ला अरुण जेटलींनी ही माफी काढली आणि १ एप्रिलपासून वर्षाला एक लाखावरच्या नफ्यावर १० टक्के कर बसवला. पण जुनी कमाई वाचावी म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वोच्च भाव (फंडासाठी त्या दिवशीची एनएव्ही) खरेदी किंमत म्हणून धरायची सोय दिली. तिला एक मेख आहे. समजा २०१० साली शेअर १०० रुपयांना घेतला आणि ३१ जानेवारी २०१८ चा भाव ३०० होता. आता ४०० ला विकलात तर नफा १००. २५० ला विकलात तर किंमत २५० च धरतात, म्हणजे नफा नाही आणि ५० चा तोटाही नाही. ८० ला विकलात तरच खरा २० चा तोटा मिळतो. कागदी तोटा कोणी उभा करू नये, म्हणून हा बंदोबस्त.

२३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला, आणि २०२४-२५ या वर्षापासून सूट सव्वा लाख झाली. अल्पकालीन दरही २३ जुलैपासूनच २० टक्क्यांवर गेला. तोट्याचे नियम मात्र तेच राहिले: अल्पकालीन तोटा दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून, आणि उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो. रिटर्न मुदतीत भरलं नाही तर त्या वर्षीचा तोटा पुढे जात नाही. शेवटच्या आठवड्यात सीएच्या दारात गर्दी होते, त्यात या तोट्याचाही वाटा असतो.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. मागचा ८०,००० चा दीर्घकालीन तोटा शिल्लक असेल आणि यंदा १ लाखाचा दीर्घकालीन नफा झाला, तर तो सव्वा लाखाच्या सुटीतच बसतो, कर शून्यच. तरीही तोटा आधी वजा होतो, सूट नंतर. ८०,००० संपले, आणि पुढच्या मोठ्या नफ्यासाठी हातात काही उरलं नाही.